गाडीच्या काचेवरचं विन्येट कसं वाचायचं: ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड, काही महिन्यांच्या वापरानंतर

विन्येट म्हणजे महामार्गाचा टोल ठरावीक मुदतीसाठी आगाऊ भरल्याचं स्टिकर. म्युनिकला सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा पुढच्या काचेवर आधीच्या मालकाचे चार स्टिकर होते. त्यातला कुठला अजून चालतो, कुठल्या देशात चालतो, हे गाडी देणाऱ्यालाही सांगता येईना. तेव्हापासून आल्प्सच्या दोन्ही बाजूंना गाडी फिरवतोय. आता नुसत्या काचेकडे बघून काय चालू आणि काय बाद ते कळतं.

पहिल्यांदा हिरवं गोल स्टिकर बाजूला काढा. त्यावर मोठा ४ आणि गाडीचा नंबर असतो. हे जर्मनीचं प्रदूषणाचं स्टिकर, शहरातल्या पर्यावरण-क्षेत्रात शिरण्यासाठी. त्याचा टोलशी काही संबंध नाही. जर्मनीत मोटारींना ऑटोबानवर टोलच नाही, त्यामुळे जर्मन विन्येट नावाची वस्तू काचेवर सापडणार नाही.

स्वित्झर्लंडचं ओळखणं सगळ्यात सोपं. वर्षाचे शेवटचे दोन आकडे ठळक, सोबत स्विस क्रॉस. तिथे एकच प्रकार मिळतो, वार्षिक, ४० फ्रँकचा. एक दिवस जा नाहीतर रोज जा, किंमत तीच. वर्षाचा आकडा मात्र जरा फसवा आहे. '२५' लिहिलेलं स्टिकर १ डिसेंबर २०२४ पासून ३१ जानेवारी २०२६ पर्यंत चालतं, म्हणजे चौदा महिने. जानेवारीत गेल्या वर्षाचा आकडा पाहून लगेच स्टिकर खरवडायला घेऊ नका.

ऑस्ट्रियाचं काम जास्त बारीक. वार्षिक विन्येटला हाच चौदा महिन्यांचा हिशेब लागू आहे. पण दहा दिवसांचं (२०२५ मध्ये १२.४० युरो) आणि दोन महिन्यांचं विन्येट वाचायचं ते भोकांवरून. त्यावर दिवसांचे आणि महिन्यांचे आकडे छापलेले असतात. विकणारा पंच घेऊन एक भोक दिवसावर आणि एक महिन्यावर पाडतो. समजा भोकं १४ आणि ८ वर आहेत. दहा दिवसांचं असेल तर ते १४ ऑगस्टपासून २३ ऑगस्टच्या मध्यरात्रीपर्यंत चालतं, कारण पहिला दिवसही मोजला जातो. तीच भोकं दोन महिन्यांच्या स्टिकरवर असतील तर १४ ऑक्टोबर संपेपर्यंत. भोक नसलेलं अल्पमुदतीचं स्टिकर चिकटवलेलं असलं तरी बाद. सीमेजवळच्या एका पेट्रोल पंपावर घाईत असलेल्या पोऱ्याने मला कोरंच स्टिकर हातात दिलं होतं. काउंटरवरच उजेडात धरून पाहिलं आणि पंच करून घेतलं. ही सवय लावून घ्याच.

रंगावर मात्र भिस्त ठेवू नका. वार्षिक स्टिकरचा रंग दरवर्षी बदलतो, दोन्ही देशांत. तपासणाऱ्याला लांबून यंदाचं कुठलं ते कळावं एवढाच त्याचा उपयोग. एकाच रंगावरून देश ठरवायला गेलात तर गफलत होणार.

काचेवर चेक किंवा स्लोव्हेनियाचं स्टिकर दिसलं तर ते नक्की जुनं. चेक रस्त्यांवर २०२१ पासून आणि स्लोव्हेनियात २०२२ पासून सगळं इलेक्ट्रॉनिक झालं, गाडीच्या नंबरावर. माझ्या काचेवरच्या चारांपैकी एक असंच चेक होतं, कोपऱ्यात मोठं R, म्हणजे वार्षिक. ब्लेडने काढताना त्याचे तुकडे झाले, आणि ते तसेच व्हायला हवेत. विन्येट अख्खं निघून दुसऱ्या गाडीवर जाऊ नये म्हणूनच तसं बनवलेलं असतं.

आता स्टिकर जे सांगत नाही ते. ऑस्ट्रियाचं विन्येट असलं तरी इन्सब्रुकच्या दक्षिणेकडून ब्रेनर खिंडीपर्यंतच्या ए१३ वर वेगळा टोल पडतो. पुढे इटलीत विन्येटच नाही, तिथे नाक्यावरचं तिकीट. उलट काही ठिकाणी विन्येट लागतच नाही. म्युनिकहून लिंडाऊमार्गे झुरिकला जाताना ऑस्ट्रियाचा ए१४ सीमेपासून होहेनेम्सपर्यंत डिसेंबर २०१९ पासून विन्येटमुक्त आहे. तिथेच उतरून ऱ्हाईन ओलांडली की लागतं ते फक्त स्विस. त्या एका रस्त्यासाठी ऑस्ट्रियाचं घेणं म्हणजे पैसे वाया. कुफ्श्टाइनमार्गे टायरोलमध्ये जाणाऱ्यांनाही ए१२ वर कुफ्श्टाइन-दक्षिणपर्यंत अशीच सूट आहे, त्यापुढे मात्र लागतं.

डिजिटल विन्येट दोन्ही देशांत मिळतं. ते घेतलं की काचेवर काहीच दिसत नाही, म्हणून सेकंडहँड गाडी घेताना रिकामी काच पाहून काही ठरवू नका. डिजिटल नंबराशी बांधलेलं असतं, काचेशी नाही. स्टिकर घेत असाल तर ऑस्ट्रियाच्या विन्येटचा खालचा तुकडा, ज्यावर क्रमांक असतो, तो फेकू नका. काच फुटून बदलावी लागली तर बदली विन्येट मागायला तोच लागतो. माझा गाडीच्या कागदांच्या पाकिटात ठेवलाय.