तारीख बघायची की वास घ्यायचा? रवा, पनीर आणि दुपारचा भात

फ्रिज आवरायला काढला की आमच्याकडे दोन पार्ट्या पडतात. बाबा पाकिटावरची तारीख वाचून सरळ कचऱ्यात टाकतात आणि आई झाकण उघडून वास घेते, "काही नाही झालंय, चांगलंय". खरं सांगायचं तर दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या डब्यांसाठी, आणि कुठल्या डब्याला कोणाचं ऐकायचं हे कळलं की निम्मी भांडणं मिटतात.

आधी तारखांचं. एक्सपायरी आणि यूज बाय ही आपल्याकडे एकच गोष्ट आहे, एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत दोन्ही एकत्रच दिलंय. ती तारीख उलटली की तो माल खाण्यासाठी विकता येत नाही. बेस्ट बिफोर वेगळं, ते चवीचं, कुरकुरीतपणाचं, ताजेपणाचं सांगतं, त्यानंतर पदार्थ थोडा उतरला तरी खायला सुरक्षित असू शकतो. नियमानुसार एक्सपायरी किंवा यूज बाय सक्तीची आहे आणि बेस्ट बिफोर कंपनीने वाटलं तर जास्तीचं छापायचं, त्यामुळे पाकिटावर दोन्ही असतील तर आधी एक्सपायरी शोधा.

आता समजा रव्याचं पाकीट आहे, बेस्ट बिफोर होऊन तीन आठवडे झालेत पण एक्सपायरी अजून लांब आहे. इथे मी आईच्या बाजूने. कोरड्या मालात पाणी फार कमी असतं त्यामुळे जंतूंना वाढायला जागा नाही, आणि जे बिघडतं ते नाका-डोळ्यांना कळतं: जाळी धरलीय का, टोके झालेत का, कुबट वास येतोय का. शेंगदाणे, खोबरं, फरसाण असेल तर खवट वास लगेच लागतो. पण दाण्यांवर किंवा खोबऱ्यावर बुरशी दिसली तर निवडून वापरू नका, सगळंच टाका, बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही.

पनीरचं मात्र उलट. सीलबंद पाकीट फ्रिजमध्ये असेल तर तारीख मानायची, उलटली की वास न घेता टाकायचं. आणि एकदा पाकीट फोडलं की ती तारीखही संपली असं समजा, कारण ती सीलबंद पाकिटासाठी आणि लिहिलेल्या तापमानासाठीच असते. त्याच पाकिटावर बारीक अक्षरात उघडल्यावर किती दिवसांत संपवा ते असतं, ते खरं. टेट्रा पॅकच्या दुधाचंही तेच, बंद असताना महिनोनमहिने बाहेर टिकतं, फोडलं की साध्या दुधासारखंच फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचं.

आणि सगळ्यात जास्त फसवतो तो भात, याला ना तारीख ना वास.

गेल्या मे महिन्यात दुपारी एकला कुकर लावला, उरलेला भात ओट्यावरच झाकून राहिला आणि रात्री आठला फोडणीचा भात केला. आंबूस वास नव्हता, तार सुटली नव्हती, शीत न् शीत मोकळं होतं, आम्ही मिटक्या मारत खाल्ला. दहाच्या सुमारास आधी मला आणि मग भावाला उलट्या सुरू झाल्या, सकाळपर्यंत नुसतं मीठ-साखरेचं पाणी. तपासणी काही केली नाही पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न भाताचाच विचारला. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की त्यातून जंतू वाढतात आणि विष सोडतात. ते विष फोडणीत, कढईत, मायक्रोवेव्हमध्ये टिकतं आणि त्याला वास नसतो. भात आंबवणारे जंतू वेगळे, आजारी पाडणारे वेगळे, नाकाला फक्त पहिले कळतात. म्हणजे भात विटलाय असं नाकाने सांगितलं तर ते ऐकायचं, पण चांगलाय असं सांगितलं तर त्यावर विसंबायचं नाही.

मग उरलेल्याला काय लावायचं, तर घड्याळ. ५ ते ६० अंश या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात आणि आपल्या ओट्याचं तापमान बारा महिने त्यातच असतं. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि तेही मोठं पातेलं तसंच न ढकलता ताटात पसरून निववून मग उथळ डब्यात, कारण खोल पातेल्यात मधला भात कितीतरी वेळ कोमटच राहतो. दुसऱ्या दिवशी संपवायचा, एकदाच वाफ येईपर्यंत गरम करायचा. आमटी-भाजीलाही हाच हिशेब लावते मी, ती थोडी जास्त टिकते पण दोन दिवसांपुढे मी नेत नाही.

आता आमच्या फ्रिजच्या दारावर कागदी चिकटपट्टी आणि पेन लटकवलंय, डबा आत जाताना वार आणि वेळ लिहायची, पनीर फोडलं की पाकिटावर त्या दिवसाची तारीख. बाबा ती वाचतात आणि आई अजूनही झाकण उघडून वास घेते, पण पट्टी वाचून झाल्यावर.