एकच कीवर्ड किती वेळा लिहावा? रूपभेद, समानार्थी शब्द आणि संबंधित शब्दप्रयोग यांची तुलना

समजा, लॅपटॉप गरम होण्याच्या तक्रारीवर सुमारे हजार शब्दांचा लेख लिहून तयार आहे आणि त्यात ‘लॅपटॉप गरम होणे’ हा कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांनी वाचक तो लेख शोधतील असा शब्दप्रयोग, याच क्रमाने, जसाच्या तसा १७ वेळा आला आहे. लेख मोठ्याने वाचला तर दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदातच ‘लॅपटॉप गरम होणे टाळण्यासाठी लॅपटॉप गरम होणे याची कारणे समजून घ्या’ अशा वाक्यांवर जीभ अडखळते. गूगलच्या स्पॅमविषयक धोरणांत या प्रकाराचा ‘कीवर्ड स्टफिंग’ या नावाने स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा ही संख्या कमी करायची, इथपर्यंत वाद नाही. प्रश्न आहे तो काढलेल्या शब्दांच्या जागी काय ठेवायचे, हा. त्यासाठी तीन पर्याय साधारणपणे सुचवले जातात: त्याच शब्दांचे रूपभेद, समानार्थी शब्द आणि विषयाशी निगडित असे वेगळे शब्दप्रयोग. तिन्हींना एकत्रितपणे ‘कीवर्डचे पर्याय’ म्हटले जात असले तरी त्यांची कामे एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत.

रूपभेद: फुकट मिळणारा पर्याय

मराठीत नामाला विभक्ती लागते आणि क्रियापद लिंग, वचन व काळानुसार बदलते, त्यामुळे नैसर्गिकपणे लिहिणाऱ्याच्या लेखात ‘लॅपटॉप गरम होतो’, ‘लॅपटॉपचे गरम होणे’, ‘गरम झालेला लॅपटॉप’, ‘लॅपटॉप गरम होण्यामागे’ अशी रूपे कसलीही खटपट न करता येतात. भरताड होते ती बहुतेकदा लेखक हे होऊ देत नाही म्हणून. शोधपेटीत लोक जे टंकतात तेच अक्षरशः लेखात उतरले पाहिजे, असा समज मनात असला की ‘लॅपटॉप गरम होणे साठी उपाय’ अशी विभक्ती तोडलेली वाक्ये तयार होतात आणि वाचणाऱ्याला लगेच कळते की हे वाक्य आपल्यासाठी लिहिलेले नाही. ‘लॅपटॉप गरम होण्यावर उपाय’ असे लिहिल्याने लेखाचा विषय बदलत नाही आणि वाक्य मात्र सरळ होते.

या पर्यायाची मर्यादा अशी की रूपे बदलली तरी कानावर पडणारे शब्द तेच राहतात. १७ पैकी १७ जागी वेगवेगळी रूपे घातली तरी ‘लॅपटॉप’ आणि ‘गरम’ यांचा मारा कमी होत नाही. ब्राउझरमधल्या शोध सुविधेने मोजताना हे विशेष लक्षात ठेवावे लागते, कारण ‘गरम होणे’ असे शोधले तर ‘गरम होतो’ आणि ‘गरम झाला’ ही रूपे त्या मोजणीत येतच नाहीत आणि लेख आहे त्यापेक्षा स्वच्छ भासतो. नुसते ‘गरम’ मोजले की खरा आकडा समोर येतो.

समानार्थी शब्द: वापरावेत, पण जपून

दुसरा पर्याय सर्वांत आधी सुचतो आणि सर्वांत जास्त घोळ घालतो तोही हाच. ‘तापणे’, ‘ओव्हरहीट होणे’, ‘हीटिंगची समस्या’ हे तिन्ही प्रयोग वाचकांच्या खऱ्या बोलण्यातले आहेत. कोणी ‘माझा लॅपटॉप फार तापतो’ म्हणतो, कोणी ‘ओव्हरहीट होतोय’ म्हणतो, आणि शोधपेटीतही दोघे आपापल्या शब्दांतच विचारतात. असे दोन-तीन शब्द लेखात एकेकदा, जिथे ओघाने बसतात तिथे आले तर चांगलेच. पण कोश उघडून ‘उष्ण होणे’, ‘उष्मा वाढणे’ असे शब्द पेरायला सुरुवात झाली की लेखाची भाषा कृत्रिम होते आणि त्या शब्दांनी लॅपटॉपविषयी शोधणारे फारसे कोणी नसल्यामुळे हाती काही लागत नाही.

याहून मोठा धोका अर्थ सरकण्याचा आहे. ‘लॅपटॉप हँग होणे’ हा प्रयोग जवळचा वाटतो, आणि प्रोसेसर जास्त तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो हेही खरे, परंतु हँग होण्याची कारणे त्याखेरीज अनेक आहेत आणि ते शोधणाऱ्याला बहुधा मेमरी, स्टोरेज किंवा एखाद्या बिघडलेल्या प्रोग्रॅमबद्दल वाचायचे असते. हा पर्याय याच लेखात घ्यावा की त्यावर वेगळा लेख लिहावा, हे ठरवण्याची साधी कसोटी आहे. दोन्ही शब्दप्रयोग वेगवेगळे शोधावेत आणि पहिल्या पानावरचे निकाल शेजारी ठेवून पाहावेत. बहुतेक दुवे तेच असतील तर शोधयंत्र दोन्हींचा हेतू एकच मानते, म्हणून एकच लेख पुरेसा आहे. दुवे जवळजवळ पूर्ण वेगळे असतील तर तो समानार्थी शब्द नसून शेजारचा विषय आहे, आणि त्याला लेखात एका वाक्यापेक्षा जास्त जागा देऊ नये.

संबंधित शब्दप्रयोग: खरे काम इथे होते

तिसऱ्या पर्यायात मूळ शब्दाला बदली शब्द शोधला जात नाही, तर विषयाच्या आतले पुढचे प्रश्न शोधले जातात. लॅपटॉप गरम होण्याच्या बाबतीत ते ‘चार्जिंगला लावल्यावर गरम होतो’, ‘पंखा जोरात आवाज करतो’, ‘थर्मल पेस्ट कधी बदलावी’, ‘कूलिंग पॅडचा उपयोग होतो का’ असे आहेत. यातला प्रत्येक प्रयोग लेखात आणायचा तर त्यासोबत काहीतरी सांगावे लागते: गादीवर ठेवल्याने हवेची छिद्रे झाकली जातात, पंख्यात धूळ अडकते, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट वर्षांनुवर्षांनी सुकते. आधीच्या दोन पर्यायांत जुन्याच वाक्याला नवा शब्द मिळतो, इथे मात्र लेखात नवा मजकूर येतो, आणि मूळ कीवर्डचे प्रमाण त्यामुळे आपोआप खाली उतरते. माझ्या मते संपादनाचा बहुतेक वेळ याच पर्यायावर घालवावा.

या शब्दांना अनेक ठिकाणी ‘एलएसआय कीवर्ड’ म्हणतात आणि त्यांच्या याद्या विकणारी साधनेही आहेत. एलएसआय, म्हणजे लेटंट सिमँटिक इंडेक्सिंग, ही १९८०च्या दशकाच्या अखेरीस विकसित झालेली, मर्यादित कागदपत्रांच्या संग्रहातले शब्दसंबंध ओळखण्याची गणिती पद्धत आहे. ‘एलएसआय कीवर्ड’ असे काही अस्तित्वातच नाही, असे गूगलच्या जॉन म्यूलर यांनी २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. तेव्हा त्या नावाच्या यादीतून मिळालेला शब्द वापरायला हरकत नाही, पण तो यादीत आहे एवढ्याच कारणाने वापरू नये.

शब्द आणायचे कुठून: शोधपेटी की सर्च कन्सोल

लेख नवा असेल आणि त्याची स्वतःची आकडेवारी नसेल, तर शोधपेटीतल्या सूचना हा एकमेव सोपा मार्ग उरतो. खाजगी विंडोत ‘लॅपटॉप गरम’ टंकून पुढे ‘क’, ‘च’, ‘ग’ अशी अक्षरे घालत गेले की वेगवेगळ्या सूचना येतात. निकालांमध्ये दिसणारी प्रश्नांची चौकट आणि पानाच्या तळाचे संबंधित शोध हेही पाहावेत. खाजगी विंडो यासाठी की सूचनांवर आपल्या आधीच्या शोधांचा प्रभाव पडतो. या मार्गाचा दोष असा की कोणता शब्द किती वेळा शोधला जातो ते त्यातून कळत नाही.

लेख काही महिने प्रसिद्ध असेल तर मात्र सर्च कन्सोल हे संकेतस्थळाच्या मालकांसाठीचे गूगलचे साधन कितीतरी सरस ठरते, कारण तिथे लोकांनी खरोखर टंकलेले आणि आपला लेख ज्यांच्या निकालात दिसला असे शब्द मिळतात. कामगिरीच्या अहवालात आधी त्या एका पानाचा पत्ता फिल्टर म्हणून लावावा, मग क्वेरींची, म्हणजे लोकांनी टंकलेल्या शोधांची, यादी इम्प्रेशननुसार, म्हणजे लेख निकालात किती वेळा दिसला त्यानुसार, उतरत्या क्रमाने लावावी. क्वेरींच्या फिल्टरमध्ये रेजेक्स, म्हणजे अनेक शब्द एकाच साच्यात शोधण्याची सोय, निवडून सगळे पर्याय एकदम गोळा करता येतात; उभी रेघ ‘किंवा’ या अर्थाने वापरली जाते:

```
गरम|ताप|हीट|heat|garam
```

रोमन अक्षरांतले शब्द वगळू नयेत, कारण मराठी वाचकांपैकी पुष्कळ जण शोधताना रोमन लिपीच वापरतात. ते शब्द लेखात रोमनमध्ये घालण्याची मात्र गरज नाही. त्यांचा उपयोग लोक काय विचारतात हे समजण्यापुरता करावा. वरच्या ओळीतले ‘ताप’ हे रूप ‘तापतो’, ‘तापला’ यांच्यासोबत ‘तापमान’ही पकडते, म्हणून यादी डोळ्यांखालून घालावीच लागते. हेही ध्यानात असावे की फारच थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी लपवले जातात आणि आकडेवारी मागच्या १६ महिन्यांपुरतीच मिळते. यादीतल्या ज्या प्रश्नांना इम्प्रेशन बऱ्यापैकी आहेत, सरासरी स्थान साधारण ८ ते २० यांच्या दरम्यान आहे आणि ज्यांचे उत्तर लेखात दिलेलेच नाही, ते आधी निवडावेत.

त्या १७ जागांचे काय करायचे

शीर्षक, पहिला परिच्छेद आणि एखादे उपशीर्षक अशा ३ जागी मूळ शब्दप्रयोग तसाच ठेवावा, कारण आपण योग्य ठिकाणी आलो आहोत याची खात्री वाचकाला तिथेच करून घ्यायची असते. ५ जागी वाक्यात बसणारे रूप घ्यावे आणि २ जागी ‘तापणे’ व ‘ओव्हरहीट’ हे शब्द यावेत. उरलेल्या ७ पैकी निदान ४ जागी तो शब्दप्रयोग नुसता काढून टाकता येतो, ही गोष्ट बहुतेक सल्ल्यांत राहून जाते. मराठीत कर्ता संदर्भावरून कळत असेल तर तो गाळणे पूर्ण नैसर्गिक आहे. ‘लॅपटॉप गरम होणे टाळण्यासाठी लॅपटॉप टेबलावर ठेवा’ याऐवजी ‘तो सपाट टेबलावर ठेवा, म्हणजे खालची हवेची छिद्रे मोकळी राहतील’ असे लिहिले की कीवर्डही जातो आणि कारणही कळते. शेवटच्या ३ जागी मूळ वाक्यच काढून चार्जिंग, पंखा आणि थर्मल पेस्ट यांवरचे छोटे परिच्छेद घालावेत.

बदल केल्यानंतर काही आठवडे थांबून सर्च कन्सोलमध्ये तारखांची तुलना करावी. मूळ शब्दाचे स्थान टिकून नव्या प्रश्नांसाठी इम्प्रेशन दिसू लागले तर निवड बरोबर होती. मूळ शब्दाचे स्थान घसरले असेल, तर काढलेले शब्द परत घालण्यापूर्वी नव्या परिच्छेदांपैकी एखादा लेखाला शेजारच्या विषयाकडे ओढत नाही ना, हे तपासावे, आणि तसे आढळले तर तो परिच्छेद वेगळ्या लेखात हलवून इथून त्याला दुवा द्यावा.