यमक की प्रतिमा: मशिनची कविता कशावरून ओळखायची?

ठाण्यातल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कविता निवडताना यंदा दोन कसोट्या समोर आल्या. एक, यमक फारच नेटकं आहे का. दुसरी, प्रतिमा फारच आवरलेल्या आहेत का. मी दुसरीकडे झुकलो. त्याला कारण एक भांडण.

विषय होता खाडी. निवृत्त शिक्षक असलेल्या एका काकांनी भुजंगप्रयातात कविता पाठवली, यमक सगळीकडे चोख. सहपरीक्षक म्हणाले, ‘‘इतकं नीट माणूस लिहीत नाही.’’ मला हे फार लागलं. अभंगात, गझलेत, श्लोकात यमकाची शिस्त ही आपल्याकडे घोटून घेतलेली गोष्ट आहे. ज्याने लहानपणी मनाचे श्लोक म्हटलेत, त्याच्या कानात लगागा लगागा बसलेलंच असतं. ती शिस्तच पुरावा धरायची, तर जुने वृत्तबद्ध कवी सगळे आरोपी.

शिवाय त्यांची एक ओळ बघा: ‘पुलाखालचे पाणि गाळात गेले’. ‘पाणी’चं ‘पाणि’ केलंय, कारण तिथे लघु हवा होता. माझा अनुभव असा, की मशिनच्या मराठीत ओळीच्या शेवटी ‘आहे-वाहे’ जुळतं, पण मधे लघुगुरू सांडलेले असतात. अर्थात नवशिक्यांचंही तसंच होतं, म्हणून यावरही फार विसंबू नये.

दुसरी कविता मुक्तछंदात होती. यमकच नाही, त्यामुळे पहिल्या कसोटीतून बिनबोभाट सुटली. तिच्यात खाडी आईसारखी, पूल आधाराच्या हातासारखा आणि पलीकडचे दिवे आशेसारखे. प्रत्येक प्रतिमा आपल्याच कडव्यात सुरू होऊन तिथेच मिटलेली. मी ‘खाडी’ खोडून ‘नदी’ लिहिलं, मग ‘तलाव’. काहीच बिघडलं नाही. काकांच्या कवितेत तसं करून बघितलं, तर दुसऱ्याच ओळीत अडलो: ओहोटीचा वास, तिवरांच्या मुळांत अडकलेलं निर्माल्य, वाशीच्या पुलावर लोकलमधून नाणं टाकणारी बाई. हे तलावात कुठून येणार?

मुक्तछंदवाल्या गृहस्थांना फोन केला. ‘‘भावना माझ्याच आहेत हो, शब्द तेवढे मशिनचे,’’ ते मोकळेपणाने म्हणाले.

एका फोनवरून नियम करू नये, हे मान्य. चालीवर बांधलेल्या गाण्यात तर ही कसोटी जवळपास निकामीच, कारण मुखडा पहिल्यांदा ऐकताच कळावा म्हणून तिथे माणूसही चंद्र आणि दिवाच घेतो. काकांच्या शेवटच्या कडव्यातही एक गुळगुळीत दिवा आहेच. पण छापायच्या कवितेसाठी निवड करायची असेल, तर मी आधी शब्द बदलून बघेन, यमक नंतर मोजेन.

काकांची कविता घेतली. छापून आली तेव्हा मुद्रितशोधकाने ‘पाणि’चं ‘पाणी’ केलं होतं. काकांचा सकाळी सातलाच फोन.