कारागिराचा हिशेब: नुसतं वजन की फाईन?

रविवार पेठेतल्या पेढीने कारागिराला ५० ग्रॅम शुद्ध सोनं दिलं. त्याने ९१६चे, बिनखड्याचे ५० ग्रॅमचे तोडे आणले. घट ठरली ३ टक्के, म्हणजे १.५ ग्रॅम.

वजनावर चालणारा ईआरपी सांगतो: दिले ५०, आले ५०, घट १.५, पेढीच कारागिराला १.५ ग्रॅम देणे लागते. एंट्री झटपट होते, हाच काय तो फायदा. एकाच टंचाचा माल देत-घेत असाल तर चालेलही.

फाईनवर चालणारा वजनाला टंचाने गुणतो. तोड्यांत शुद्ध सोनं ४५.८, बाकीची भर तांब्या-चांदीची. घटही ९१६चीच धरली तर १.३७४. म्हणजे कारागिराकडेच २.८२६ ग्रॅम बाकी! पण घट शुद्धात धरायची की टंचात, हे सेटिंग आधी ठरवा. शुद्धात धरली तर बाकी २.७ येते आणि भांडण तिथेच होतं.

आमचा कौल फाईनला. मात्र गिऱ्हाइकाच्या बिलातली घट आणि मजुरी वेगळ्या रकान्यात ठेवा. तीच टक्केवारी कारागिराच्या खात्यात गेली, की स्टॉक मोजताना सोनं कमी भरतं.