नाव-गाव ठेवावं की पुसावं? एकाच कवितेचे दोन मसुदे

घरातल्या माणसावर कविता लिहिली की पहिला प्रश्न हाच येतो. सगळा तपशील ठेवला तर परका वाचक दारातच थांबेल अशी भीती वाटते, आणि पुसला तर आपलं माणूसच कवितेतून निघून जातं. आई गेल्यावर मी दोन्ही करून पाहिलं.

आई निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं, तंबाखू आणि विडी बांधायचा दोरा, संध्याकाळी पंचवीस-पंचवीसच्या जुड्या. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तिला शुद्ध नव्हती, पण अंगठा आणि तर्जनी चादरीची कड वळत होती. कविता आली ती त्या बोटांतून.

पहिल्या मसुद्यात खाट क्रमांक ११ होती, बुधवार होता, आक्का होती, तिच्या-माझ्यातला अबोलासुद्धा होता. दुसरा मसुदा एका कविमित्राच्या सल्ल्यावरून केला. तो म्हणाला, "तुझी आई कशाला, सगळ्यांची आई कर." मग ओळी अशा झाल्या:

राबून राबून थकले हात
मायेचा झरा आटला

आमच्या बेळगाव भागात येळ्ळूर, कडोली, सांबरा अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात, कविसंमेलनाला मांडव भरलेला असतो. अशाच एका मांडवात मी दुसरा मसुदा वाचला. टाळ्या चांगल्या पडल्या. खाली उतरल्यावर लोक भेटले, "आईवरची कविता छान" म्हणाले आणि चहाकडे गेले. थकलेले हात आणि आटलेला झरा प्रत्येकाने आधी कितीदा तरी ऐकलेला. त्यात कुणाला स्वतःचं काही आठवायला जागाच नव्हती. दार सताड उघडं, पण आत घरच नाही, असं काहीसं.

पहिल्या मसुद्याचा त्रास वेगळा होता, आणि माझा निर्णय त्या त्रासानेच केला. तो वाचण्याआधी दर वेळी प्रस्तावना करावी लागे: आक्का कोण, आम्ही बोलत का नव्हतो, ११ नंबर कुठला. चौदा ओळींच्या कवितेला तीन-चार मिनिटांचं निवेदन. त्या निवेदनाने श्रोत्यांचे डोळे भरत, कवितेने नव्हे. नंतर सगळे एकच विचारत, "तुमच्या आई कधी गेल्या हो?" हळहळ माझ्यासाठी होती. मनाने स्वतःच्या घरी कुणी गेलं नव्हतं.

तरी मला हाच मसुदा जवळचा वाटला, म्हणून दुरुस्ती त्यातच केली. प्रत्येक ओळीला एकच विचारलं: हे दिसतं, की हे माहीत असावं लागतं? आक्का, बुधवार, खाटेचा नंबर, अबोला हे सगळं माहीत असावं लागणारं, ते काढलं. सूप आणि चादर दिसतात, ती राहिली. सगळ्यात जड गेली शेवटची ओळ, "जन्मभर विड्याच वळल्या तिने". तीच मला सर्वांत प्रिय होती, पण ती अर्थ सांगून दार लावून घेत होती. ती काढल्यावर शेवट असा उरला:

चादरीची कड
अंगठ्याखाली वळत होती
वळून झाली की
बोटं दोरा शोधत होती

विडी हा शब्द आता कवितेत कुठेच नाही. सूप पहिल्या ओळीत आहे. निपाणीचा माणूस त्यावरून ओळखतो, इतरांचं अडत नाही.

हा मसुदा काही न सांगता वाचला, तेव्हा वडगावच्या एक बाई मागून आल्या. त्यांचे वडील विणकर. म्हणाल्या, "आमचे आप्पा शेवटी हवेत गाठी मारायचे. तुटलेला धागा जोडतात तशा." माझ्या आईबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. तेव्हापासून मी मसुदा दाखवताना "कळली का?" असं विचारत नाही, "काय आठवलं?" असं विचारतो. उत्तरात माझी चौकशी आली तर कविता अजून बंद आहे असं समजतो.

बेळगावात राहिलेल्या इंदिरा संतांचे पती ना. मा. संत १९४६ साली गेले. ते साल ठाऊक नसतानाच मी इंदिराबाईंच्या विरहाच्या कविता वाचल्या होत्या, आणि काही अडलं नव्हतं.

माझा कल त्यामुळे तपशिलाकडेच आहे, खुलासा मात्र वगळून. प्रत्येक कवितेला हे लागू पडेल असं म्हणवत नाही. वस्तूच फार अनोळखी असेल तर एखादी ओळ जास्त द्यावी लागते. आणि कविता घरच्यांसाठीच असेल तर पहिला मसुदा उजवा. आक्काने तोच मागून घेतला. वर्षश्राद्धाला तिनेच तो वाचला. समोर बसलेल्या सगळ्यांना ११ नंबर माहीत होता.