छोट्या दवाखान्यासाठी ऑनलाइन अपॉइंटमेंटचे पान: तीन पर्यायांची तुलना

नारायण पेठेतला एक दंतवैद्यकीय दवाखाना डोळ्यांसमोर ठेवून ही तुलना केली आहे. डॉक्टर एक, खुर्ची एक, रिसेप्शनला एक ताई. वेळ सकाळी 10 ते 1 आणि संध्याकाळी 5 ते 8:30, रविवारी बंद. तपासणीला वीस मिनिटे लागतात, दात साफ करायला चाळीस आणि रूट कॅनालच्या एका बैठकीला सुमारे तासभर. वेळ घेऊन न येणारे रुग्ण ही डॉक्टरांची मुख्य अडचण आहे, कारण रूट कॅनालचा राखलेला तास ऐन वेळी रिकामा गेला की तो भरून निघत नाही. फोन सतत वाजतो ही तक्रार त्यानंतर येते. हा क्रम आधी स्पष्ट करून घ्यावा, कारण बुकिंगचे पान फोनचा त्रास कमी करते, पण रुग्णांची गैरहजेरी कमी होते ती आठवण आणि रद्द करण्याचा नियम यांच्या जोडीमुळे.

त्यामुळे पर्यायांकडे वळण्यापूर्वी हा नियम ठरवावा. बऱ्याच ठिकाणी ‘चोवीस तास आधी कळवावे’ असे लिहिलेले असते आणि आठवणही चोवीस तास आधीच पाठवली जाते. मंगळवारी सकाळी 10:20 ची वेळ असलेल्या रुग्णाला आठवण सोमवारी 10:20 ला मिळते आणि रद्द करण्याची मुदत त्याच क्षणी संपलेली असते. अशा वेळी अडचणीत असलेला रुग्ण कळवण्याच्या फंदात पडत नाही, तो फक्त येत नाही. म्हणजे आठवण आणि मुदत यांच्यामध्ये पुरेसे तास असले पाहिजेत, आणि मुदतीनंतर दवाखाना बंद होण्यापूर्वी रिकामी जागा दुसऱ्याला देता येईल इतका वेळही उरला पाहिजे. या दवाखान्यासाठी मला सोयीचा वाटणारा नियम असा: आदल्या दिवशी सकाळी साडेदहाला आठवण आणि त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत रद्द करण्याची मुभा. सात ते साडेआठ या दीड तासात ताई प्रतीक्षा यादीतल्या रुग्णांना फोन लावू शकतात. साडेदहानंतर दुसऱ्या दिवसाची वेळ घेणाऱ्याला आठवण जाणार नाही, पण त्याने नुकतीच वेळ घेतलेली असल्यामुळे ते चालते. सोमवारच्या रुग्णांची आठवण आणि मुदत मात्र शनिवारी ठेवावी लागते, कारण रविवारी फोन उचलायला कोणी नसते.

बहुतेक बुकिंग सेवांमध्ये अशी मर्यादा घड्याळातल्या ठरावीक वेळेने देता येत नाही, ‘किती तास आधी’ अशीच द्यावी लागते. पंधरा तास हा आकडा येथे बऱ्यापैकी बसतो. सकाळी 10:20 च्या वेळेची मुदत आदल्या संध्याकाळी 7:20 ला संपते, तर संध्याकाळी 5 च्या वेळेची त्याच दिवशी पहाटे 2 वाजता. पहाटे कोणी रद्द केले तरी ताईंना सकाळी दहाला ते दिसते आणि संध्याकाळची जागा भरायला सात तास हातात असतात. रुग्णाला सांगताना मात्र ‘आदल्या दिवशी सातपर्यंत’ एवढेच सांगावे. पंधरा तासांचा हिशेब कोणी करत बसत नाही.

पहिला पर्याय म्हणजे गुगल कॅलेंडरमधले अपॉइंटमेंटचे पान आणि आठवणीसाठी व्हॉट्सॲप बिझनेसचे साधे ॲप. मोफत खात्यावर असे एक पान बनवता येते. त्यात दोन अपॉइंटमेंटमधले अंतर, दिवसाला जास्तीत जास्त किती बुकिंग घ्यायची आणि किमान किती वेळ आधी बुकिंग व्हावे हे ठरवता येते. हत्यारे निर्जंतुक करून मांडायला दहा मिनिटांचे अंतर येथेच द्यावे. मर्यादा दोन आहेत. बुकिंगसाठी ईमेल द्यावाच लागतो, आणि पेठेतल्या ज्येष्ठ रुग्णांपैकी अनेक जण ईमेल वापरत नाहीत. शिवाय मुदत संपल्यावर रद्द करण्याचे बटण बंद होत नाही. नियम वर्णनात लिहायचा आणि पाळला जाईल अशी आशा ठेवायची. पहिल्या मर्यादेवरचा उपाय सोपा आहे. फोनवर वेळ घेणाऱ्याची नोंद ताईंनी त्याच कॅलेंडरमध्ये स्वतः करावी, म्हणजे पानावर ती वेळ आपोआप भरलेली दिसते.

येथे एक खोच आहे. पानावर फक्त ‘व्यस्त’ म्हणून नोंदलेली वेळच अडवली जाते, आणि पूर्ण दिवसाची नोंद गुगल कॅलेंडर मुळात ‘मोकळे’ म्हणून ठेवते. विसर्जनाच्या मिरवणुकीच्या दिवशी लक्ष्मी रस्ता आणि आसपासचे रस्ते बंद असतात, म्हणून डॉक्टरांनी ‘दवाखाना बंद’ अशी पूर्ण दिवसाची नोंद केली, पण ती ‘व्यस्त’ केली नाही, तर रुग्ण त्या दिवशीच्या वेळा बिनदिक्कत घेत राहतात. पालख्या शहरात मुक्कामी असतात त्या दिवसांचेही तसेच. सुट्टी टाकल्यावर दुसऱ्या मोबाइलवरून पान उघडून ती तारीख खरोखर बंद दिसते का ते पाहावे.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या ॲपमधून अपॉइंटमेंटची आठवण आपोआप जात नाही. ताईंना रोज साडेदहाला ठरलेले उत्तर निवडून, वेळ बदलून, एकेकाला पाठवावे लागते. ब्रॉडकास्ट यादी करून हे काम टळेल असे वाटते, पण ज्यांनी दवाखान्याचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच ब्रॉडकास्ट पोहोचतो, आणि नव्या रुग्णाने तो साठवलेला नसतो. शिवाय प्रत्येकाची वेळ वेगळी. दिवसाला दहा-बारा रुग्ण असतील तर हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि त्यात एक फायदाही आहे: रुग्णाचे उत्तर थेट माणसापर्यंत पोहोचते. ‘ताई, उद्या जमणार नाही, परवा चालेल का?’ असा निरोप आला की रद्द करणे आणि नवी वेळ देणे एकाच संवादात उरकते.

दुसरा पर्याय कॅलेंडली किंवा कॅल डॉट कॉम यांसारख्या तयार सेवांचा. पान नीटनेटके दिसते आणि आठवणी आपोआप जाण्याची सोय असते, फक्त कोणती सोय कोणत्या योजनेत मिळते हे आधी तपासावे. कॅलेंडलीच्या मोफत योजनेत एकाच प्रकारची अपॉइंटमेंट ठेवता येते, आणि आपल्याला तर तपासणी व सफाई असे किमान दोन प्रकार हवे आहेत. खरा प्रश्न आठवण कोणत्या वाटेने जाते हा आहे. ईमेलने गेलेली आठवण आपल्या रुग्णांपैकी निम्मे तरी वेळेत वाचतील का, याचे उत्तर ताई तुमच्यापेक्षा अचूक देतील. एसएमएस हवा असेल तर भारतातले नियम आड येतात. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमावलीनुसार व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्या संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याची नोंदणी दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेवर करावी लागते. 1 ऑक्टोबर 2024 पासून मजकुरातली लिंकही आधी मान्य करून घ्यावी लागते. परदेशी सेवेच्या तयार संदेशात असलेली रद्द करण्याची लिंक या चाळणीतून निघेल असे गृहीत धरू नये. पैसे भरण्यापूर्वी जिओ, एअरटेल आणि व्हीआय अशा तिन्ही क्रमांकांवर चाचणी संदेश मागवावा.

तिसरा पर्याय स्वतःच्या होस्टिंगवर मुक्त सॉफ्टवेअर बसवण्याचा, उदाहरणार्थ इझी अपॉइंटमेंट्स. सेवांचे प्रकार, डॉक्टरांचे वेळापत्रक आणि मधली विश्रांती त्यात नीट बसते. ‘Book Advance Timeout’ या सेटिंगमध्ये मिनिटांत मर्यादा देता येते. पंधरा तासांसाठी 900. पण ही मर्यादा नव्या बुकिंगलाही लागू होते, म्हणजे सकाळी दात दुखू लागलेल्या माणसाला त्याच संध्याकाळची वेळ पानावरून घेता येत नाही. रोजच्या दोन तपासण्यांच्या जागा पानाबाहेर, फोनसाठी राखून ठेवल्या तर ही अडचण सुटते. दुखणे घेऊन येणाऱ्याशी आधी बोललेले तसेही बरे.

एसएमएसची आठवण येथे आपल्यालाच जोडावी लागते: भारतीय एसएमएस सेवादाराचे खाते, डीएलटी नोंदणी आणि रोज ठरल्या वेळी चालणारी एक छोटी स्क्रिप्ट. मजकूर साधारण असा ठेवावा: ‘उद्या मंगळवार, सकाळी 10:20 ची वेळ आपल्यासाठी राखली आहे. येणे जमणार नसल्यास आज संध्याकाळी 7 पूर्वी फोन करावा.’ देवनागरी एसएमएसचा एक संदेश 70 अक्षरांचा असतो आणि त्यात काना-मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातले हलन्तचिन्ह हे सगळे स्वतंत्र मोजले जाते. दवाखान्याचे नाव आणि फोन नंबर धरून वरचा मजकूर सव्वाशेच्या पुढे जातो, म्हणजे दर रुग्णामागे दोन संदेशांचे पैसे. जोडून जाणाऱ्या संदेशांत प्रत्येकी 67 अक्षरेच बसतात. मजकूर 134 च्या वर गेला की तीन होतात, म्हणून ‘आपला दिवस शुभ असो’ वगैरे जोडण्याचा मोह टाळावा. लिंकऐवजी फोन नंबर ठेवला की मजकूरही आटोपशीर राहतो, फक्त तो नंबरही नोंदवलेल्या नमुन्यात असावा.

स्क्रिप्टची हमखास होणारी चूक वेळेची आहे. पुष्कळ होस्टिंगचे घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालते आणि आपली वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. सकाळी साडेदहाची आठवण हवी असेल तर ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनमध्ये अशी ओळ लिहावी लागते:

```
0 5 * * * php /home/clinic/reminder.php
```

तेथे `30 10` लिहिले तर संदेश दुपारी चार वाजता जातील आणि मुदतीपूर्वी रुग्णाच्या हातात तीनच तास उरतील. कोणताही इशारा येत नाही, सगळे सुरळीत दिसते. म्हणून पहिल्या दिवशी स्वतःच्या नावाने उद्याची वेळ घेऊन संदेश किती वाजता येतो ते पाहावे.

आगाऊ रक्कम घ्यावी का, याबद्दल माझे मत तपासणीसाठी नको आणि तासाभराच्या बैठकीसाठी हवी असे आहे. रूट कॅनालची पुढची वेळ तशीही डॉक्टर खुर्चीपाशीच ठरवतात. तेव्हाच यूपीआयने थोडी रक्कम घ्यावी आणि ती अंतिम बिलात वळती होईल हे सांगावे. पानावर पैसे घेतले की परताव्याचे काम ताईंच्या गळ्यात पडते. फॉर्ममध्ये नाव, मोबाइल आणि अपॉइंटमेंटचा प्रकार एवढेच विचारावे. आजाराचा तपशील तेथे गोळा केला की तो सांभाळण्याची जबाबदारीही आपलीच होते.

रिसेप्शनला भरवशाचे माणूस असेल आणि दिवसाला वीसच्या आत रुग्ण असतील, तर मी पहिला पर्याय निवडेन. रिसेप्शनला कोणीच नसेल आणि रुग्ण बहुतांशी हिंजवडी-बाणेरकडचे, ईमेल पाहणारे असतील, तर दुसरा. तिसरा तेव्हाच, जेव्हा स्क्रिप्ट बंद पडल्यावर त्याच दिवशी ती पाहणारी व्यक्ती हाताशी असेल. पर्याय कोणताही घेतला तरी पहिला महिनाभर ताईंनी वहीत तीन रकाने ठेवावेत: मुदतीत रद्द, मुदतीनंतर फोन, न कळवता गैरहजर. दुसरा रकाना फुगत असेल तर आठवण उशिरा जाते आहे, ती दोन-तीन तास आधी घ्यावी. तिसरा फुगत असेल तर त्या रुग्णांना आठवण पोहोचली होती का, हे त्यांनाच फोन करून विचारावे.