कानडी शब्द फोडायचा कुठून: पुढून की शेपटीकडून?

कोल्हापुरात औषधाच्या दुकानात बसलं की अथणी, चिकोडी, गोकाककडचे पेशंट रोजचेच. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन येतात आणि एका दमात एवढा लांब शब्द बोलतात की तो संपेपर्यंत आपण सुरुवात विसरलेलो असतो. आमच्या दुकानात नवीन लागलेल्या पोराने विचारलं, "दादा, ह्ये पाठ कसं करायचं?" मी दोन्ही पद्धती वापरून बघितल्या आहेत, म्हणून दोन्हींबद्दल सांगतो.

पहिली पद्धत शाळेतली, अक्षरं मोजत तुकडे पाडण्याची. 'तेगेदुकोंडिल्ल' घ्या. तेगे, दुकों, डिल्ल. तीन घास, टाळी वाजवत म्हणता येतात आणि अर्ध्या तासात जिभेवर बसतात. पण 'डिल्ल' म्हणजे काय? काहीच नाही. उद्या दुसऱ्या शब्दात हा तुकडा भेटला तरी ओळख निघत नाही, आणि प्रत्येक शब्द पहिल्यापासून पाठ करावा लागतो.

दुसरी पद्धत मागून सोलण्याची. त्याच शब्दाच्या शेवटी 'इल्ल' आहे, म्हणजे नाही. तो काढला की 'कोंड' उरतं. हे मूळचं 'कोंडु', म्हणजे साधारण आपलं 'घेऊन'. पुढे स्वर आला की शेवटचा 'उ' गळतो, कन्नड व्याकरणात याला लोपसंधी म्हणतात. त्याच्या आधी 'तेगेदु', काढून. काढून-घेऊन-नाही, म्हणजे घेतलेलं नाही. पेशंट सांगत होता की गोळी घेतलीच नाही.

आता शेपूट बदला. 'तेगेदुकोळ्ळबेकु' म्हणजे घ्यायला हवं, 'तेगेदुकोळ्ळबेडि' म्हणजे घेऊ नका. काउंटरवर ज्यावर सगळं अवलंबून आहे ते नेमकं शेवटी असतं. शिवाय बोलताना माणसं पुढचा भाग चेपतात: 'तगोंडिल्ल', 'तगोबेकु'. 'तेगेदु'चा पत्ता नाही, पण 'इल्ल' आणि 'बेकु' शाबूत. पुढून तुकडे पाठ केलेला माणूस इथे गडबडतो, मागून ऐकणारा नाही.

मराठी माणसाला हे सोलणं जड जाऊ नये. 'घरातून'मध्ये 'घर'चं आधी 'घरा' होतं, मग 'तून' लागतो. आपण त्याला सामान्यरूप म्हणतो. कानडीत 'मर' म्हणजे झाड, आणि झाडात म्हणजे 'मरदल्लि'. मर, मध्ये द, मग अल्लि. 'ऊटद नंतर', जेवणानंतर, यातला 'द' तोच. 'मने', घर, याला मात्र 'द' लागत नाही. दोन स्वरांमध्ये 'य' शिरतो आणि 'मनेयल्लि' होतं. हा आगम. एवढे दोन-तीन सांधे कळले की सुरी कुठे घालायची ते दिसायला लागतं.

सोलताना फसगतही होते. 'मनेयल्लि' म्हणजे घरात, 'मनेयल्ल' म्हणजे हे घर नव्हे. शेवटच्या इकाराचा फरक, आणि गर्दीत तोच ऐकू येत नाही. दुसरं, शेवटी 'ल्लि' दिसलं की प्रत्यय समजू नका. 'नल्लि' म्हणजे नळ, 'हल्लि' म्हणजे पाल (आपलं 'हल्ली' नव्हे). म्हणून सोलल्यावर उरलेला तुकडा स्वतंत्र शब्द म्हणून कुठे भेटतो का बघायचं. 'ह' किंवा 'न' उरला तर सुरी चुकीच्या जागी गेली. तिसरं, अथणीकडचा माणूस 'मनेयल्लि' म्हणेलच असं नाही. तिकडे 'मन्याग' चालतं, आणि पुस्तकातला 'अल्लि' शोधत बसलात तर तो सापडणार नाही.

अक्षरपद्धत जिथे खरोखर जिंकते ती जागा वेगळी: उच्चार. मराठीत लिहून घेतलेल्या कानडीत ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' सारखेच दिसतात. 'बेळे' तोकडं म्हटलं तर पीक, लांबवलं तर डाळ. वहीत दोन्ही एकच. इथे सोलून काही मिळत नाही, कुणा कानडी माणसाकडून अक्षर-अक्षर ऐकून कान तयार करावा लागतो. कानडी अक्षरं शिकलात तर हा घोळ उरत नाही, कारण तिथे दोन्हींची चिन्हं वेगळी आहेत.

त्या पोराला मी सांगितलं ते असं. समोरच्याचं समजून घ्यायचं असेल, म्हणजे दुकान, दवाखाना, एसटीची खिडकी, तर मागून सोल. आधी इल्ल, बेकु, बेडि, अल्लि एवढी चारच शेपटं पक्की कर. स्वतः बोलायचं असेल तर चार-पाच ठरलेली वाक्यं अक्षरांनी घोकून घे, ती फोडत बसू नकोस. 'गोत्तिल्ल', माहीत नाही, हे तर अख्खंच गिळ. गोत्तु अधिक इल्ल हे नंतर कधीतरी कळलं तरी चालेल, पण हा शब्द पहिल्याच दिवशी लागतो.